हरवलेली रुग्णालयीन कागदपत्रे : रेकॉर्ड विभागाला पत्र लिहिताना नेमके काय मागावे?

जुलै २०२१ च्या महापुरात वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठच्या घरांत पाणी शिरले. त्याच्या आधी ऑगस्ट २०१९ मध्येही निपाणी, चिकोडी आणि कोल्हापूरच्या पट्ट्याने असाच पूर अनुभवला होता. पूर ओसरल्यावर धान्य, गुरे, पडक्या भिंती यांचे पंचनामे होतात. पत्र्याच्या पेटीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली दवाखान्याची फाईल मात्र कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. सिटी स्कॅनच्या फिल्म एकमेकींना चिकटतात, शाईच्या छपाईची डिस्चार्ज कार्डे पुसट होतात. एक-दोन वर्षांनी दुसऱ्या शहरातला डॉक्टर ‘जुने कागद कुठे आहेत?’ असे विचारतो, तेव्हा कुठे नुकसान लक्षात येते.

सीमाभागात हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण येथील रुग्णाचा उपचार एका राज्यात राहत नाही. निपाणीचा माणूस शस्त्रक्रियेसाठी बेळगावला जातो आणि पुढील तपासणीसाठी जवळच्या कोल्हापूरला. चोर्ला घाटातून बेळगाव गाठणाऱ्या सत्तरी, डिचोलीच्या रुग्णाचीही स्थिती निराळी नाही. शस्त्रक्रिया तिकडे होते आणि नंतरची तपासणी बांबोळीच्या गोमेकॉत. दोन्हीकडच्या रुग्णालयांचे संगणक एकमेकांना ओळखत नाहीत. रुग्णाच्या हातातला कागद हाच त्यांच्यातला दुवा असतो, आणि तो गेला की मूळ रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाला पत्र लिहिण्यावाचून गत्यंतर नसते.

हे पत्र बहुधा दोन ओळींचे असते : ‘माझी कागदपत्रे गहाळ झाली आहेत, तरी दुय्यम प्रती मिळाव्यात.’ त्यात काय कमी पडते हे एका नमुना प्रकरणातून पाहता येईल. प्रकरण कल्पित आहे. त्यातील टप्पे मात्र कोणत्याही मोठ्या रुग्णालयात याच क्रमाने येतात.

निपाणी तालुक्यातील बावन्न वर्षांच्या एका महिलेच्या मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा आला होता. १४ जानेवारी २०२० रोजी ती बेळगावच्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाली. डोके उघडून फुग्याच्या तोंडाशी धातूची बारीक क्लिप बसवण्यात आली आणि २३ जानेवारीला तिला घरी सोडले. पुढच्या वर्षी पुरात सगळे कागद गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये डोकेदुखी पुन्हा सुरू झाली, म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. एमआरआय केंद्राने पहिला प्रश्न विचारला तो क्लिप कोणत्या कंपनीची आणि कोणत्या धातूची आहे हा. उत्तर मिळेपर्यंत तपासणी होणार नव्हती.

केंद्राचा हा हट्ट नव्हता. एमआरआय यंत्र म्हणजे प्रचंड शक्तीचे चुंबक. आज वापरात असलेल्या टायटॅनियमच्या क्लिप ठरावीक अटींत त्यात सुरक्षित राहतात. जुन्या काळच्या काही पोलादी क्लिप मात्र चुंबकाने ओढल्या जाऊन जागेवरून सरकू शकतात. अशाच एका क्लिपमुळे एमआरआयच्या वेळी रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद १९९३ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. सिटी स्कॅनमध्ये क्लिप आहे एवढे दिसते, पण ती कोणत्या बनावटीची हे दिसत नाही. ते केवळ कागद सांगतो.

आता कागद कोणता, हा खरा मुद्दा. डिस्चार्ज कार्डावर बहुधा ‘क्लिपिंग करण्यात आले’ एवढेच वाक्य असते. क्लिपच्या वेष्टनावरील स्टिकर, ज्यावर कंपनी, मॉडेल आणि लॉट क्रमांक छापलेला असतो, तो शस्त्रक्रियेच्या नोंदीच्या पानावर चिकटवला जातो, आणि ते पान रुग्णालयातील मूळ केस पेपरमध्ये राहते. म्हणजे या महिलेने केवळ ‘डिस्चार्जची कागदपत्रे’ मागितली असती, तर रेकॉर्ड विभागाने ती तत्परतेने दिली असती आणि एमआरआय तरीही अडलेलाच राहिला असता. हृदयातील स्टेंट, पेसमेकर, कृत्रिम सांधा, हाडात बसवलेली पट्टी यांच्या बाबतीतही हेच लागू होते. शरीरात काही बसवले असेल, तर शस्त्रक्रियेची नोंद आणि इम्प्लांटचा स्टिकर या दोन गोष्टी पत्रात नावानिशी मागाव्या लागतात.

स्कॅनच्या बाबतीतही असाच घोळ होतो. ‘रिपोर्ट’ या एका शब्दात लोक दोन वेगळ्या वस्तू धरतात. एक, रेडिऑलॉजिस्टने लिहिलेला एक-दोन पानांचा अहवाल. दुसरी, प्रत्यक्ष प्रतिमा. अहवाल संगणकात मजकूर म्हणून राहतो आणि काही क्षणांत पुन्हा छापता येतो. प्रतिमा ‘पॅक्स’ नावाच्या वेगळ्या यंत्रणेत असतात आणि त्यांना जागा फार लागते : सिटी स्कॅनचा एक छेद साधारण अर्ध्या एमबीचा धरला, तर हजार छेदांची अँजिओग्राफी पाचशे एमबीच्या आसपास जाते. म्हणूनच जुन्या प्रतिमा काही काळाने मुख्य सर्व्हरवरून हलवून साठवणुकीत टाकतात, आणि तेथून त्या परत आणायला वेळ लागतो. पत्रात ‘अहवालाची प्रत आणि डायकॉम स्वरूपातील प्रतिमांची सीडी’ असे स्पष्ट लिहिले, तर रेकॉर्ड विभाग पहिली मागणी छपाईकडे आणि दुसरी रेडिऑलॉजी विभागाकडे पाठवतो. फिल्मची नवी प्रत मागण्याचा आग्रह मात्र सोडलेला बरा. फिल्मवर निवडक छेदच छापलेले असतात. सीडीत सगळे येतात आणि दुसऱ्या डॉक्टरला ते मापून पाहता येतात. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो तर निदानासाठी जवळजवळ निरुपयोगी.

स्कॅन नक्की कुठे झाले होते, हेही आधी आठवून पाहावे. अनेक रुग्णालये स्कॅनसाठी रुग्णाला शेजारच्या स्वतंत्र केंद्रात पाठवतात. तसे असेल तर रुग्णालयाच्या केस पेपरमध्ये फार तर अहवालाची झेरॉक्स मिळते. प्रतिमांसाठी त्या केंद्राला वेगळे पत्र लिहावे लागते. गरोदरपणातील सोनोग्राफीच्या नोंदी तर गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानुसार दोन वर्षे जपण्याचे बंधन आहे. त्यापुढे त्या मिळतीलच याची खात्री नाही.

रेकॉर्ड विभागातील लिपिक फाईल शोधतो ती नावाने नव्हे, क्रमांकाने. प्रत्येक रुग्णाला एक कायमचा नोंदणी क्रमांक असतो आणि प्रत्येक वेळी दाखल होताना वेगळा आंतररुग्ण क्रमांक मिळतो. हा दुसरा क्रमांक हाती असेल तर फाईल लवकर सापडते. कागद गेल्यावर तो आणायचा कुठून? बऱ्याचदा तो मोबाइलमध्येच असतो : रुग्णालयाच्या जुन्या संदेशात, बिल भरल्याच्या पावतीत, विमा कंपनीच्या मंजुरीच्या संदेशात. गावातल्या डॉक्टरांनी ठेवून घेतलेल्या चिठ्ठीवर किंवा औषधांच्या बिलाच्या कोपऱ्यातही तो छापलेला सापडतो.

क्रमांक मिळालाच नाही तर नावाने शोध घ्यावा लागतो, आणि येथे सीमाभागाची एक खास अडचण उभी राहते. रुग्णालयांच्या संगणकांत नावे इंग्रजीत असतात आणि कर्नाटकात मराठी नावांचे इंग्रजी स्पेलिंग बदलते. ‘त’ साठी th लिहिण्याची तिकडे रीत आहे, त्यामुळे आधार कार्डावरची Savita रुग्णालयाच्या नोंदीत Savitha असू शकते. गावाचे तेच : Nipani की Nippani, Chikodi की Chikkodi. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी Belgaum ऐवजी Belagavi झाले. जुन्या कागदांवर आणि जुन्या नोंदींत पहिलेच नाव असते. एका अक्षराचा फरक पडला की संगणक ‘नोंद नाही’ असे सांगतो, आणि खिडकीवरून रुग्णाला तेच उत्तर मिळते. म्हणून पत्रात नावाची संभाव्य सगळी स्पेलिंगे, पतीचे किंवा वडिलांचे नाव, तेव्हाचे वय, तेव्हा दिलेला मोबाइल क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीख द्यावी. रात्री तातडीने दाखल केलेल्या रुग्णाचे नाव शेजाऱ्याने सांगितलेले असते, वयही अंदाजाने टाकलेले असते, हेही विसरू नये. अपघाताचे प्रकरण असेल तर पोलीस नोंदीचा एमएलसी क्रमांक सर्वांत उपयोगी पडतो.

पत्र कोणत्या भाषेत लिहावे? बेळगावच्या बहुतेक रुग्णालयांत मराठी बोलणारे कर्मचारी भेटतात आणि मराठी पत्र तेथे कोणी वाचणारच नाही असे नाही. परंतु शोध इंग्रजी नोंदींतच घ्यायचा असल्याने इंग्रजी मजकूर सोबत जोडलेला सोयीचा. शासकीय रुग्णालयासाठी कन्नडही चालते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो आवक टेबलावर लढवून फाईल लवकर मिळत नाही.

वरील महिलेचे पत्र साधारण असे असावे :

प्रति,
वैद्यकीय अधीक्षक,
द्वारा : वैद्यकीय रेकॉर्ड विभाग,
(रुग्णालयाचे नाव), बेळगाव.

विषय : गहाळ झालेल्या उपचार कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळण्याबाबत.

महोदय,
मी आपल्या रुग्णालयात १४ जानेवारी २०२० ते २३ जानेवारी २०२० या काळात दाखल होते. माझा नोंदणी क्रमांक … आणि आंतररुग्ण क्रमांक … असा आहे. नोंदीत माझे नाव … किंवा … असे असू शकेल. त्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक … हा होता. माझ्यावर मेंदूतील रक्तवाहिनीची क्लिप बसवण्याची शस्त्रक्रिया न्यूरोसर्जरी विभागात झाली.
जुलै २०२१ च्या पुरात माझ्याकडील सर्व मूळ कागदपत्रे नष्ट झाली. पुढील उपचारांसाठी एमआरआय तपासणी करावयाची असून क्लिपचा तपशील मिळाल्याखेरीज ती होऊ शकत नाही. तरी कृपया पुढील कागदपत्रांच्या सही-शिक्क्यासह प्रती द्याव्यात : डिस्चार्ज सारांश; शस्त्रक्रियेची नोंद, इम्प्लांटच्या स्टिकरच्या पानासह; सिटी अँजिओग्राफीचा अहवाल; त्याच तपासणीच्या डायकॉम प्रतिमांची सीडी.
प्रतींचे योग्य शुल्क भरण्यास मी तयार आहे. ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे. यांपैकी एखादे कागदपत्र उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे, ही विनंती.
आपली,
(सही, दिनांक, पत्ता, मोबाइल क्रमांक)

पत्रात कारण सांगितले आहे, पण ते दोनच वाक्यांत. कारण दिल्याने निकड कळते आणि कोणते पान महत्त्वाचे आहे हेही लिपिकाच्या ध्यानात येते. पुराची कहाणी लांबवली तर मागणीच तिच्यात बुडते. शेवटचे वाक्य, ‘उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे’, हे मात्र कधीही गाळू नये. त्याचा उपयोग पुढे येतो.

रुग्ण स्वतः जाऊ शकत नसेल, तर त्याने सही केलेले अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रे न्यावी लागतात. मुलाच्या कागदांसाठी आई किंवा वडील सही करतात. रुग्ण हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो. शेजारी किंवा गावपुढारी असल्याने कोणालाही दुसऱ्याचे कागद मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत.

पत्राची दुसरी प्रत आवक टेबलावर नेऊन तिच्यावर तारखेचा शिक्का घ्यावा. टपालाने पाठवायचे तर पोचपावतीसह. कारण मुदतीची घड्याळे त्या तारखेपासून चालतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्या, तर मागणीची पोच देऊन ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. तसे न करणे हे डॉक्टरच्या बाजूने गैरवर्तन ठरते. ऑगस्ट २०२३ मध्ये या नियमांच्या जागी नवी नियमावली आणली गेली, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली, म्हणून २००२ चेच नियम आजही लागू आहेत. ‘केस पेपर ही रुग्णालयाची मालमत्ता आहे’ हे खिडकीवर ऐकू येणारे वाक्य अर्धेच खरे आहे. मूळ कागद रुग्णालयाचा, पण प्रत मागण्याचा हक्क रुग्णाचा. मुंबई उच्च न्यायालयाने, ज्याच्या अधिकारक्षेत्रात गोवाही येतो, १९९६ मध्येच हे स्पष्ट केले आहे. गोपनीयतेची सबब रुग्णाविरुद्ध चालत नाही आणि रुग्णालय प्रतींचा वाजवी खर्च घेऊ शकते.

काही रुग्णालये दुय्यम प्रतीसाठी पोलिसांत हरवल्याची नोंद किंवा मुद्रांकावरचे प्रतिज्ञापत्र मागतात. वरील नियमावलीत अशी अट नाही. तरीही शंभर-दोनशे रुपयांत काम होत असेल तर अनेक जण ते करून टाकतात. वाद घालायचा असेल तर अट लेखी मागावी, पुष्कळदा तेवढ्यावरच ती गळून पडते.

याच नियमावलीत एक मर्यादाही आहे, आणि तिचा हिशोब बहुतेकांचा चुकतो. आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात असे बंधन आहे, ती तीन वर्षे उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजली जातात. कागद हरवल्याच्या तारखेपासून नव्हे. आपल्या उदाहरणातील महिला १४ जानेवारी २०२० ला दाखल झाली, म्हणजे बंधन जानेवारी २०२३ च्या मध्यापर्यंत होते. तिने सप्टेंबर २०२२ मध्ये पत्र दिले तेव्हा हातात चार महिने होते. पूर ओसरताच अर्ज केला असता तर दीड वर्ष मिळाले असते. मोठी रुग्णालये तीन वर्षांनंतरही फाईल ठेवतात, पोलीस प्रकरणातील तर खटला संपेपर्यंत. पण ती त्यांची व्यवस्था असते, रुग्णाचा हक्क नव्हे. म्हणून तीन वर्षे उलटली तरी पत्र पाठवावे, मात्र शब्द मागणीचे न ठेवता विनंतीचे ठेवावेत.

प्रत हाती आल्यावर ती तेथेच तपासलेली बरी. डिस्चार्ज सारांश दोन प्रकारे मिळतो : मूळ सही असलेल्या कागदाची झेरॉक्स किंवा संगणकातून काढलेली नवी छपाई. नव्या छपाईवर आजची तारीख येते आणि डॉक्टरची सही नसते. अशा कागदावर दाखल होण्याची आणि सोडण्याची जुनी तारीख शाबूत आहे ना, आणि ‘मूळ नोंदीवरून सत्यप्रत’ असा शिक्का व सही आहे ना, हे पाहावे. विमा कंपनी आणि शासकीय योजनांची कार्यालये नेमके याच जागी बोट ठेवतात. सीडी रेडिऑलॉजी विभागातच एकदा उघडून दाखवायला सांगावी. रिकामी सीडी घेऊन निपाणीला परतलेल्या माणसाला पुन्हा पंच्याहत्तर किलोमीटर यावे लागते. स्टिकरचे पान झेरॉक्समध्ये काळे पडले असेल, तर त्याचा रंगीत स्कॅन मागावा, कारण लॉट क्रमांक वाचता आला नाही तर त्या पानाला अर्थ उरत नाही.

रुग्णालयाने फाईल नष्ट झाल्याचे सांगितले तर? तेव्हा ते लेखी घ्यावे. या पत्राने क्लिपचा धातू कळत नाही, पण पुढच्या डॉक्टरला आणि विमा कंपनीला कागद नसण्याचे कारण कळते. त्यानंतर इतर वाटा चाचपता येतात. इम्प्लांट बसवलेल्या रुग्णाचा विमा दावा झाला असेल, तर स्टिकर आणि इम्प्लांटचे बिल दाव्यासोबत दिलेले असते; त्याची प्रत विमा कंपनीकडे असू शकते. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेखाली उपचार झाला असेल, तर दाव्याची कागदपत्रे योजना चालवणाऱ्या सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्टकडे गेलेली असतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची स्वतःची वही, शस्त्रक्रियागृहाची नोंदवही आणि रुग्णालयाच्या भांडारातील खरेदीची बिले याही जागा आहेत, फक्त तेथे शोधण्यासाठी तारीख अचूक हवी. यातून काहीच हाती आले नाही, तर एमआरआयचा नाद सोडून सिटी अँजिओग्राफीवर भागवावे लागते. ती डॉक्टरांनी घ्यायची निवड आहे.

७२ तास उलटूनही उत्तर आले नाही, तर आधी वैद्यकीय अधीक्षकांना शिक्क्याची प्रत जोडून स्मरणपत्र द्यावे. बरीचशी प्रकरणे येथेच सुटतात, कारण विलंब बहुधा दुष्टाव्यापेक्षा गोदामाचा असतो. त्यानंतर कर्नाटकातील खासगी रुग्णालयासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरण आहे, डॉक्टरविरुद्ध कर्नाटक वैद्यक परिषद आहे आणि सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग. शासकीय रुग्णालयाकडून, म्हणजे बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाकडून, कागद हवे असतील तर माहिती अधिकाराचा मार्गही खुला आहे. त्याला ३० दिवसांची मुदत असते आणि शुल्क दहा रुपये. कर्नाटकच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो, हे गोव्यातून किंवा महाराष्ट्रातून अर्ज पाठवणाऱ्यांना ठाऊक नसते. लांबलचक अर्ज त्याच कारणाने परत येऊ शकतो. स्वतःच्या नोंदी मागतो आहोत हे पहिल्याच वाक्यात लिहून ओळखपत्र जोडावे, नाहीतर ‘त्रयस्थाची खासगी माहिती’ असे म्हणून अर्ज फेटाळला जातो.